उपाशी पोट, भरलेले पाय

बरेच दिवस ह्या विषयावर लिहायचं मनात होतं. आमच्या नात्यात आता सकाळी धावणारे चांगले सात-आठ जण झालेत, आणि जमले की एकच चर्चा: धावायच्या आधी खायचं की नाही? एकजण म्हणतो, उपाशी धावलं की चरबी जळते. दुसरी म्हणते, भात-चपाती बंद केल्याशिवाय काही खरं नाही. तिसऱ्याला उपाशी धावून चक्कर आलेली असते. गंमत म्हणजे तिघंही आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय असं समजतात. तसं नाहीये. सकाळी उपाशी पोटी धावणं आणि दिवसभर भात सोडून धावणं ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून थोडा फायदा होऊ शकतो. दुसरी नकळत पहिलीत मिसळली की नुकसान सुरू होतं. माझ्या भाचीच्या बाबतीत हे मी पाच महिने जवळून पाहिलं. माझा जन्म शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवण्यात गेलाय, त्यामुळे तिच्या वहीत डोकावायची सवय काही सुटली नाही. तिला विचारूनच लिहितेय. "लिही गं आत्या, त्यात लाजण्यासारखं काय आहे," असं ती म्हणाली.

आधी पोटाचा आणि पायांचा हिशोब सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

आपण भात खाल्ला की त्यातली साखर शरीर दोन ठिकाणी साठवतं. एक कोठी लिव्हरमध्ये, साधारण ८०-१०० ग्रॅमची. दुसरी स्नायूंमध्ये, तीनशे-चारशे ग्रॅमची, धडधाकट माणसात त्याहूनही मोठी. ह्या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. लिव्हरची कोठी सगळ्या गावासाठी उघडी असते. रात्रभर आपण झोपलेले असतो तेव्हा मेंदूला साखर तीच पुरवते, म्हणून सकाळपर्यंत ती निम्मी-अर्धी रिकामी झालेली असते. स्नायूंची कोठी मात्र खाजगी. तिथली साखर रक्तात परत सोडता येत नाही, ज्या स्नायूत आहे त्यानेच वापरायची. त्यामुळे रात्री नीट जेवून झोपलेला माणूस सकाळी उठतो तेव्हा त्याचं पोट उपाशी असतं, पण पाय भरलेले असतात. हे एक वाक्य लक्षात ठेवा.

आपल्याकडे हे काही नवीन नाही. इथे कुणकेश्वरला पहाटे रापण ओढायला जाणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलेय. कोरा चहा घ्यायचा आणि निघायचं. दोन-तीन तास दोर ओढून झाले की मग उकड्या तांदळाची पेज. शेतावरही तेच, पेजेची वेळ दहाची. म्हणजे उपाशी पोटी काम होतं, पण रात्रीचा भात पायांत असतो आणि काम संपल्यावर लगेच पुन्हा भात येतो. आणि उपास म्हणाल तर महाशिवरात्रीला आमच्या जत्रेत उपास करणाऱ्यांच्या पानात काय असतं? साबुदाणा, वरी, रताळी. १०० ग्रॅम सुक्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात. आपला उपास म्हणजे कर्बोदकांचा सणच! तेव्हा 'आपल्या परंपरेत उपास आहे, म्हणून लो-कार्ब आपल्याला मानवतं' हे म्हणणं काही खरं नाही. असो.

तर भाची. पुण्याला नोकरी करते, पण काम घरून करायची मुभा असल्यामुळे गणपतीला आली ती राहिलीच. जानेवारीत मुंबईची अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, धावायची ठरवली होती. वजन ५५ किलो. सकाळी सहाला उठून नुसता कोरा चहा पिऊन निघायची. ओहोटी असली की देवळाखालच्या ओल्या, घट्ट पुळणीवरून, नाहीतर मिठबावच्या रस्त्याने. सहा-सात किलोमीटर, आठवड्यातून चार दिवस, बोलता येईल इतक्या सावकाश वेगाने. माझी आई रोज दारातून ओरडायची, "गो बाय, रिकाम्या पोटान धावतंस, चक्कर येतली तुका!" पण चक्कर काही आली नाही.

का आली नाही ते पाहू. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. ५५ किलोला सात किलोमीटर म्हणजे ३८५ कॅलरी. सावकाश वेगात, उपाशी असताना, त्यातला ढोबळमानाने निम्मा वाटा चरबीचा असतो. राहिलेल्या निम्म्याला पन्नासेक ग्रॅम साखर पुरते. पायांत त्याहून बरीच जास्त पडलेली आहे. काळजीचं कारणच नाही. सुरुवातीचे आठ-दहा दिवस तिला चौथ्या किलोमीटरनंतर पोटात खड्डा पडल्यासारखं व्हायचं, ते नंतर थांबलं. घरी आली की अर्ध्या तासात पेज, सोबत अंडं किंवा मासा. दुपारी भात, रात्री भात.

सहा आठवड्यांनी वहीत असं दिसलं की त्याच वाटेवर, त्याच वेगाला आधी नाडी १५२ पडायची, ती आता १४४ पडते. भाची खूश. "बघ आत्या, उपाशी धावण्याचा परिणाम!"

आता ह्यातलं किती उपाशीपणाचं आणि किती नुसत्या नियमित धावण्याचं, हे एका माणसावरून सांगता येत नाही. बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठात हे नीट तपासलं गेलंय. तिथला २०११ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. वीस तरुणांना सहा आठवडे सायकल चालवायला लावली. निम्म्यांनी उपाशी पोटी, निम्म्यांनी भरपूर नाश्ता करून आणि मध्ये साखरेचं पाणी पिऊन. एकूण खाणं दोघांचं सारखं. शेवटी स्नायूंचे तुकडे तपासले तेव्हा उपाशी गटात चरबी जाळणारी यंत्रणा जास्त वाढलेली दिसली, आणि व्यायामात त्यांची रक्तातली साखर पडणंही थांबलं होतं. भाचीचा तो पोटातला खड्डा नाहीसा झाला, त्याचं कारण हे असू शकेल. पण शर्यतीसारख्या चाचणीत मात्र दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणजे इंजिनात बदल झाला, पण गाडी काही जास्त वेगाने पळाली नाही. शिवाय ते सगळे पुरुष होते, हेही ध्यानात ठेवायला हवं.

आणि वजनाचं काय? कारण खरं सांगायचं तर आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांचा उपाशी धावण्यातला रस तेवढाच आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये ब्रॅड शोनफेल्ड ह्यांनी वीस तरुण मुलींवर ते करून पाहिलं. चार आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, तासभर व्यायाम; निम्म्या उपाशी, निम्म्या खाऊन; दिवसाचा आहार बेताचा आणि दोन्हीकडे सारखा. दोन्ही गटांचं वजन सारखंच उतरलं. सकाळी थोडी चरबी जास्त जळली तर उरलेल्या दिवसात शरीर तेवढी कमी जाळतं. हिशोब चोवीस तासांचा असतो, एका तासाचा नाही.

इथवर सगळं ठीक होतं. मग दिवाळी आली. फराळ झाला, आणि फराळानंतर येतो तो पश्चात्तापही आला. सकाळचं उपाशी धावणं इतकं जमतंय तर तेच दिवसभर का करू नये, असं तिच्या डोक्यात बसलं. भात बंद, भाकरी बंद, पेज बंद. दुपारी एकदा आणि संध्याकाळी लवकर एकदा जेवण: मासे, अंडी, भाजी, खोबरं. कोकणात हे पथ्य पाळणं तसं सोपं, मासळी आणि नारळ दोन्ही घरचेच. पहिल्याच आठवड्यात दोन किलो वजन उतरलं!

हे दोन किलो कसले होते? प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कोठी रिकामी झाली की ते पाणीही जातं. म्हणजे उतरलेल्या वजनातला मोठा भाग पायांतलं इंधन आणि त्याचं पाणी होतं. आता पोटही उपाशी आणि पायही रिकामे. बाहेरून बघितलं तर तीच मुलगी, तीच पुळण, तोच कोरा चहा. पण आत सगळं बदललेलं.

सावकाश धावताना फार कळलं नाही. कळलं ते गुरुवारी. गुरुवारी ती पाच किलोमीटर जोरात धावायची, किलोमीटरला पाच मिनिटं पन्नास सेकंद ह्या वेगाने. पथ्य सुरू केल्यावर तिसऱ्या गुरुवारी तिला सहा-वीसच्या खाली येताच येईना. दम लागलाय म्हणावं तर नाडीही वर जाईना. "पायांत शिसं भरल्यासारखं वाटतं," म्हणाली. नाडी चढत नाही आणि पायही उचलत नाहीत, ही जोडी दिसली की आपण कोठीच्या तळाशी आलोय असा संशय घ्यावा. (आजारपण किंवा कमी पडलेला आराम ह्यांनीही तसं होतं, तेही बघावं.) आणि त्यानंतरच्या रविवारी अठरा किलोमीटर धावायला गेली, ती चौदाव्याला मिठबावच्या रस्त्यावर बसलीच. अठरा किलोमीटरला तिला जवळपास हजार कॅलरी लागणार. त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त साखरेच्या धरल्या तर दीडशे ग्रॅम. भरल्या पायांनी हे आरामात निभलं असतं. रिकाम्या पायांनी कसं निभावं?

ह्यावर तिचं उत्तर तयार होतं. "शरीराला सवय व्हायला वेळ लागतो गं. एकदा चरबीवर चालायला लागलं की मग बघ." ह्यात अर्धं तथ्य आहे. सवय खरोखर होते. पण ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या क्रीडासंस्थेत लुईस बर्क ह्यांनी हेच जागतिक दर्जाच्या चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंवर करून पाहिलं. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन आठवडे कडक सराव. एका गटाला भरपूर कर्बोदकं, दुसऱ्याला कधी जास्त कधी कमी, तिसऱ्याला दिवसाला पन्नास ग्रॅमहूनही कमी. तिसऱ्या गटाच्या शरीराने चरबी जाळण्यात कमाल केली. पण दहा किलोमीटरच्या शर्यतीत पहिले दोन गट सरासरी पाच-सहा टक्क्यांनी सुधारले आणि तिसरा होता तिथेच राहिला, किंचित मागेच गेला.

कारण साधं आहे. तेवढीच ऊर्जा चरबीतून काढायला साखरेपेक्षा जास्त प्राणवायू लागतो, सुमारे सात टक्के. सावकाश धावताना प्राणवायूची चंगळ असते, सात टक्क्यांनी बिघडत नाही. पण जोरात धावताना नेमका प्राणवायूच अपुरा असतो, आणि तिथे शरीर महागडं इंधन वापरायला लागलं की वेग जातो. फुलं बाजारात नेताना बैलगाडीही चालते, बस पकडायची असेल तर नाही, तसंच काहीसं. सवय झाली तरी हे गणित बदलत नाही.

वेग गेला असता तर एवढं काही नव्हतं. पण डिसेंबरात तिची पाळी बारा दिवस उशिरा आली आणि पुढची आलीच नाही. पहाटे तीनला जाग यायला लागली. चिडचिड तर विचारू नका. तिला वाटलं कामाचा ताण. मग उजव्या नडगीवर खालच्या बाजूला दुखायला लागलं. स्नायू दुखतो तो लांबलचक दुखतो. हे एका बोटाने दाखवता येईल असं, रुपयाएवढ्या जागेत. एका पायावर उडी मारली की कळ. मी म्हटलं, धावणं आजपासून बंद, आधी डॉक्टर. कोल्हापूरला एमआरआय काढला. हाडावर ताण आलेला होता, तडा जाण्याच्या आधीची पायरी.

वही उघडून मी तिच्यासमोर हिशोब मांडला. तिच्या ५५ किलोतून चरबी वजा केली तर ४२ किलो उरतात असं धरू. त्या पथ्यात ती दिवसाला साडेचौदाशे कॅलरी खात होती. त्यातल्या सरासरी चारशे धावण्यात जायच्या. उरल्या १०५०. भागिले ४२ म्हणजे किलोमागे पंचवीस. हृदय, मेंदू, हाडं, पाळी, सगळं ह्या पंचवीसात. निरोगी तरुणीला साधारण ४५ लागतात, म्हणजे धावणं धरून तिचं खाणं २३०० च्या आसपास हवं होतं. अमेरिकेतल्या ॲन लाउक्स ह्यांनी २००३ मध्ये दाखवलं की हा आकडा तीसच्या खाली गेला की पाळीचं चक्र चालवणाऱ्या हार्मोनची लय पाच दिवसांतच बिघडू लागते. तीस ही काही प्रत्येकीसाठी आखलेली लक्ष्मणरेषा नव्हे, पण धोका कुठल्या बाजूला आहे ते कळतं. शरीर आधी पाळीचा खर्च कापतं, मग हाडांच्या डागडुजीचा. आणि ह्यात कर्बोदकांचा वेगळा वाटाही दिसतो. कॅनबेराच्याच खेळाडूंची तपासणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. कॅलरी पुरेशा असूनही साडेतीन आठवडे कर्बोदकं जवळपास बंद ठेवलेल्या गटात हाडं झिजल्याच्या खुणा रक्तात वाढल्या होत्या आणि हाडं बांधली जाण्याच्या कमी झाल्या होत्या.

तिने कॅलरी मुद्दाम कमी केल्या नव्हत्या, हे महत्त्वाचं. भात बंद झाला की भाताबरोबरची कालवणाची दुसरी वाटी जाते, पेजेबरोबरचा मासा जातो, दुपारचं चहा-बिस्कीट जातं. मासे आणि खोबऱ्याने भूक लवकर भागते. पोट तक्रार करत नाही, म्हणून सगळं बरं चाललंय असं वाटतं. म्हणूनच भुकेवर विसंबू नये, पाळीवर लक्ष ठेवावं. आमच्या पिढीत धावणाऱ्या मुलीची पाळी चुकली की 'व्यायाम जास्त होतोय, चालायचंच' म्हणायचे. चालायचंच नाही! तो धोक्याचा कंदील आहे. पुरुषांना असा कंदील नसतो, त्यांनी झोप, चिडचिड, कामेच्छा आणि न भरणारी दुखणी ह्यांकडे बघावं.

जानेवारीची शर्यत अर्थातच हुकली. आठ आठवडे धावणं बंद, नुसतं चालणं आणि पोहणं. पेज पहिल्या दिवसापासून परत सुरू. पाळी मार्चमध्ये आली, त्यानंतर तिने पुन्हा बूट घातले.

आता ती उपाशी धावत नाही का? धावते. आठवड्यातून दोनदा, पन्नास मिनिटांच्या आत, बोलता येईल अशा वेगाने, आणि आदल्या रात्री भात जेवलेली असेल तरच. परत आल्यावर अर्ध्या तासात पेज. वाटीभर म्हणजे ६० ग्रॅम तांदळाची पेज केली तर तिच्यात ४५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं मिळतात, वर अंडं किंवा मासा असतोच. गुरुवारच्या जोराच्या धावण्याआधी दोन केळी. रविवारच्या लांब पल्ल्याआधी घावन आणि चहा, खिशात खजूर. फ्रान्समधला २०१६ सालचा एक प्रयोग आहे, त्यात संध्याकाळी जोराचा व्यायाम, रात्री कर्बोदकांशिवाय जेवण, सकाळी सावकाश व्यायाम आणि मग दिवसभर भरपूर कर्बोदकं, असं तीन आठवडे केलेले खेळाडू दहा किलोमीटरला तीनेक टक्के वेगवान झाले. दिवसाची एकूण कर्बोदकं मात्र त्यांना इतरांइतकीच मिळत होती. पुढे २०२१ मध्ये अशा प्रयोगांची बेरीज करून पाहिली तेव्हा सरासरी फायदा काही दिसला नाही. म्हणजे झाला तर थोडा, तोही पुरेसं खाणाऱ्याला. म्हणून आमच्या घरी आठवड्यातून दोन दिवसांच्या वर नाही.

नात्यातल्या काका-मामांसाठी एक वेगळी सूचना. ज्यांना मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी हे वाचून उद्या सकाळी उपाशी धावायला निघू नये. व्यायामात आणि नंतर कित्येक तास साखर एकदम खाली येऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारा. वाढत्या वयाच्या मुलामुलींना आणि गरोदर बायकांना तर हा प्रयोग सांगूच नये.

भाची पुढच्या जानेवारीत मुंबईला धावली. दोन तास सात मिनिटं. वहीत आता एक रकाना वाढलाय, पाळीच्या तारखेचा. तिचं म्हणणं, नाडीच्या रकान्यापेक्षा ती तोच आधी बघते.